बोटभर भिंत

त्याला सगळे बोटभर म्हणत. माणूस चांगला सहा फुटी, खांदे दारात अडकतील असे, पण त्याच्या हातून उभी राहणारी प्रत्येक भिंत जेमतेम बोटभर जाडीची. पाण्याच्या टाक्या, अर्धगोल छपरं, एकदा तर एका हौशी मासेमाराला त्याने सिमेंटची होडीही करून दिली होती, आणि ती तरंगली. तरीही नवं गिऱ्हाईक आलं की टाकीभोवती एक चक्कर मारायचं, भिंतीच्या काठावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "मिस्त्री, बाकीची कधी बांधणार?"

बोटभर त्यावर हसायचा. चिडण्याचं काम त्याने बायकोकडे सोपवलेलं होतं.

त्याच्या कामाला फेरोसिमेंट म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण मामला साधा. बारीक गजांचा पिंजरा करायचा, त्याला आतून-बाहेरून कोंबडीच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचे थर ताणून बसवायचे आणि तारेने जागोजागी बांधायचे. मग एक घमेलं सिमेंटला दोन घमेली चाळलेली वाळू, पाणी सढळ हाताच्या माणसाने ताकात घालावं त्याच्याही निम्मं, असा घट्ट माल कालवून तो जाळीत दाबून भरायचा. एक माणूस आत फळी धरून, एक बाहेरून हाताने दाबतोय. जाळीच्या भोकाभोकात माल गेला पाहिजे. पोकळी राहिली की मेलात. नुसतं सिमेंट दाब कितीही सोसतं, ओढ मात्र सोसत नाही. तार ओढ सोसते, पण तिला उभं राहता येत नाही. दोघांचं लग्न लावून दिलं की संसार होतो. तडा निघालाच तर दोन बोटं जाण्याआधी त्याला तार आडवी येते. म्हणून अशा भिंतीला एक मोठी भेग पडत नाही, पडल्याच तर केसासारख्या चार बारीक रेषा पडतात आणि पाण्याने त्याही पुढे बुजतात. हे सगळं बोटभर झोपेतही सांगायचा, असं त्याची बायको म्हणे. ती शेजारी झोपत असल्यामुळे तिला माहीत असणारच.

जाळी बांधायचं काम तिचं. लग्नानंतर सुरुवातीला हौस म्हणून ती साइटवर गेली आणि तिथेच राहिली. पकडीने तार पिळायची, टोक मुरडून आत दडपायचं, म्हणजे मालाबाहेर डोकावून गंजायला नको. तिची गाठ ओढून पाहायची तर पक्कडच वाकायची. बोटभर सगळ्यांना सांगे, "टाकी माझी नाही, हिची आहे. मी फक्त तिला अंगभर कपडे घालतो."

हा असा सुखी माणूस जगात एकाच व्यक्तीला घाबरत होता. सासऱ्यांना.

सासरे म्हणजे थोरले मिस्त्री. बोटभर विटेवर वीट ठेवायला, ओळंबा धरायला, माल हाताने ओळखायला ज्यांच्याकडून शिकला ते हेच. त्यांनी आयुष्यभर दगडाच्या हातभर जाडीच्या भिंती बांधल्या आणि त्यांतली एकही पडली नाही, हे ते स्वतःच सांगत, आणि ते खरं होतं. चेल्याला त्यांनी पोरगी दिली. मग चेला जाळ्या विणायला लागला. "भिंत बांधायला शिकवलं, आणि हा पिशव्या शिवतोय," असं ते म्हणाले, तेव्हापासून जावयाच्या कामावर त्यांनी दुसरं वाक्य काढलं नव्हतं. गेली बारा-पंधरा वर्षं ते त्याला फक्त 'जावई' म्हणत. 'मिस्त्री' हा शब्द त्यांच्या तोंडात होता, पण जावयासाठी तो कधी बाहेर पडला नाही.

थोरले राहायचे चढाच्या अगदी टोकाला, स्वतः बांधलेल्या घरात, एकटेच. खालच्या गल्लीपासून तिथपर्यंत पायऱ्याच पायऱ्या. वर नळ होता, पण तो राजासारखा वागायचा. मनाला येईल तेव्हा यायचा, जोरात यायचा, आणि माणूस भांडं शोधेपर्यंत निघून जायचा. पाणी साठवायला थोरल्यांनी मागे एक चौकोनी विटांचा हौद बांधला होता, भिंती चांगल्या दांडग्या. पहिल्याच उन्हाळ्यात तो कोपऱ्यातून वरपासून खालपर्यंत तडकला. दोनदा बुजवला, दोनदा पुन्हा तडकला. तेव्हापासून त्यात ते मिरच्या लावायचे आणि विषय निघाला की मिरच्यांबद्दल बोलायचे.

म्हणून रोज संध्याकाळी काम संपलं की बोटभरची बायको दोन बादल्या घेऊन तो चढ चढायची. थोरल्यांचं पिणं, स्वयंपाक, आंघोळ, सगळं त्या दोन बादल्यांत. यंदा तिच्या गुडघ्याने जाहीर बंड केलं. डॉक्टरांनी गुडघा दाबून विचारलं, "ओझं उचलता का?" ती म्हणाली, "नाही." गुडघा म्हणाला, "हो." डॉक्टरांनी गुडघ्याचं ऐकलं.

"आता दोनच गोष्टी होऊ शकतात," ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली. "एक तर बाबा खाली आपल्याकडे राहायला येतील, नाहीतर तुम्ही वर टाकी बांधाल. आणि घर सोडायला लावलं तर बाबा महिन्याभरात वाळून जातील. ते घर म्हणजे त्यांचा जीव आहे."

"मी कधीही तयार आहे गं. तेच नको म्हणतात."

"मग आज मी विचारते."

तिने विचारलं. थोरले ओट्यावर बसून मिरच्या तोडत होते. "बोटभर भिंतीत पाणी?" ते म्हणाले. "मांजर अंगावरून गेलं तरी फुटेल ती."

"बाबा, माझ्याच्याने आता बादल्या होत नाहीत."

थोरल्यांनी एक मिरची बराच वेळ हातात फिरवली. मग जावयाकडे न बघता म्हणाले, "बांध. पण पाणी भरण्याआधी मी तिला माझ्या हातोड्याने ठोकून बघणार. सोसलं तर ठेवू. फुटली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. कुणीच नाही."

बोटभरने आयुष्यात पुष्कळ टाक्या बांधल्या होत्या. एका लग्नाच्या वरातीचा बँडबाजा त्याच्या टाकीच्या घुमटावर चढून वाजला होता, तेव्हाही तो निर्धास्त जेवत होता. पण त्या रात्री त्याचं जेवण ताटातच राहिलं. आपण चुकलो तर बायकोचा गुडघा आणि सासऱ्यांचं घर, दोन्ही एका हातोड्याखाली जाणार, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

कामाला त्याने जुन्या साथीदाराला घेतलं. त्याला सगळे गिट्टी म्हणत, कारण तो तेवढाच होता. टाकीच्या झाकणाच्या भोकातून आत-बाहेर करणारा सबंध पेठेत हा एकच मोठा माणूस. मिरच्यांच्या हौदाशेजारी काँक्रीटचा तळ घातला, गजांचा गोल पिंजरा उभा केला. बायकोने गुडघ्याखाली उशी घेऊन जाळी बांधली, आतून आणि बाहेरून, सांध्यावर जाळीवर जाळी चढवून. गोल आकार मुद्दामच. पाणी भिंतीला चहूबाजूंनी सारखं ढकलतं, कोपरा नसल्यामुळे एकाच जागी सगळा राग निघत नाही. माल लावायच्या दिवशी सकाळी सुरुवात केली ती टाकी पूर्ण होईपर्यंत हात थांबले नाहीत. मध्ये थांबलं की तिथे सांधा राहतो. आत गिट्टी फळी धरून ओरडायचा, "दाब!" बाहेर बोटभर दाबायचा. दिवसाच्या शेवटी गुळगुळीत, करडी, सुबक टाकी उभी होती. गिट्टी भोकातून डोकं काढून म्हणाला, "मिस्त्री, ही आजवरची सगळ्यात चांगली."

थोरले काठी टेकत आले. टाकीच्या काठावर त्यांनी आपलं बोट आडवं धरलं. बोट आणि भिंत सारखीच भरली.

"एवढंच?" ते म्हणाले, आणि आत गेले.

ह्या एका शब्दाने घात केला. दुसऱ्या दिवशी दुपारी, बायको खाली घरी आणि थोरले आत पडलेले असताना, बोटभरने पुन्हा माल कालवायला घेतला.

"आता काय?" गिट्टीने विचारलं.

"बाहेरून एक थर चढवतो. दोन बोटांचा. जरा जाड दिसेल."

"जाळी?"

"जाळी नाही. नुसताच."

गिट्टीने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं आपण देवळात चपला घालून शिरणाऱ्याकडे पाहतो. "अरे, जाळीशिवाय माल म्हणजे नुसतं ओझं, हे मला शिकवलं कुणी?"

"मी."

"मग?"

"मग गप्प बस आणि पाणी दे."

खोटी गोष्ट करताना माणूस चिडका होतो, त्यातलाच हा प्रकार. संध्याकाळपर्यंत टाकी गलेलठ्ठ दिसू लागली. थोरले उठून बाहेर आले. त्यांनी टाकीकडे पाहिलं, काठाकडे पाहिलं, आणि 'हं' एवढंच म्हणाले. बायकोला बोटभरने सांगितलं नाही. ती दोन दिवसांनी वर आली तेव्हा टाकी ओल्या गोणपाटांत आणि वर प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली होती.

गोणपाटं ओली ठेवायचं काम थोरल्यांनी कुणी न सांगता स्वतःकडे घेतलं. टाकी आवडो न आवडो, ताजं काम तहानलेलं ठेवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. पण पाणी गोणपाटातून पाझरून कुठवर जाणार? बाहेरचा जाड थर आतल्या भिंतीला नीट धरलाच नव्हता. गोणपाटं काढली, दोन-तीन दिवस कडक ऊन पडलं, आणि तो थर आक्रसायला लागला. त्याला थोपवायला आत तार नव्हती.

ठोकायच्या दिवशी सगळे सकाळी वर जमले. आधी बायकोनेच पाहिलं. टाकीवर वरपासून खालपर्यंत एक उभी भेग होती, बोटाचं नख जाईल एवढी. अगदी शेजारच्या हौदाच्या भेगेसारखी.

"अहो," ती म्हणाली. तिचा हात आपोआप गुडघ्यावर गेला. एवढ्या वर्षांत तिने बांधलेल्या एकाही जाळीने तिला असा दगा दिला नव्हता.

खरं सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर टाकी जाते. बोटभर तोंड उघडतोय तोवर थोरले हातोडा घेऊन पुढे आलेच होते. त्यांनी ठोकलं नाही. हातोड्याच्या दांड्याने हलकेच टिचकी मारली आणि कान लावला. डब, डब. दोन हात सरकून पुन्हा. डब.

"जावई, ह्या किती भिंती आहेत?"

"एकच, मामा."

"आवाज दोघींचा येतोय."

गिट्टी एकदम आभाळातल्या घारी मोजू लागला.

थोरल्यांनी हातोडा उलटा धरून भेगेच्या कडेला एक ठोसा दिला. परातीएवढा तुकडा सुटून पायाशी पडला. मग दुसरा, मग तिसरा. आत करडी, गुळगुळीत, सुबक भिंत होती, तिच्यावर रेघसुद्धा नाही.

"माझी जाळी!" बायको ओरडली, आणि मग सगळं तिच्या ध्यानात आलं. "तुम्ही हिच्यावर हा लगदा चढवलात? मला न विचारता? मी गुडघा मोडून घेऊन बांधली ती, आणि तुम्हाला तिची लाज वाटली?"

"लाज नाही गं. मामा 'एवढंच' म्हणाले..."

"मामा म्हणाले! मामा म्हणाले म्हणून उद्या दगडाची साडी नेसवाल मला!"

"थांब पोरी," थोरले म्हणाले. "अजून माझं ठोकून व्हायचंय."

आता मात्र त्यांनी खरा हातोडा उगारला. दगड घडवणारे हात म्हातारे झाले तरी विसरत नाहीत. घाव बसला, टण्ण करून आवाज घुमला आणि हातोडा मागे उसळला. भिंतीवर बोराएवढा खळगा, भोवती चार केसासारख्या रेषा. त्यांनी त्याच जागी पुन्हा मारलं. खळगा थोडा वाढला, पण रेषा तिथेच थांबल्या. तिसरा घाव घालून थोरले धापा टाकत ओट्यावर बसले. बोटभर पाणी द्यायला धावला.

"पाणी राहू दे. छिन्नी दे."

छिन्नीने त्यांनी त्या खळग्यात कोरायला सुरुवात केली. माल असा कडक झाला होता की चिमूट-चिमूट निघत होता. शेवटी जाळी दिसली, आणि जाळीवर एक गाठ. टोक मुरडून आत दडपलेलं. थोरल्यांनी तिच्यावरची धूळ फुंकली आणि अंगठ्याने ती चाचपली.

"ही तुझी," ते मुलीला म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"लहानपणी परांची बांधताना दोरीला अशीच गाठ मारायचीस. टोक आत. मीच शिकवली होती ती." मग ते जावयाकडे वळले. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे बोटभरला जास्तच भीती वाटली. "अरे, पातळ बांधलीस ह्याचा मला राग नव्हता. पातळ बांधून मला जाड दाखवलीस, ह्याचा आहे. त्याच संध्याकाळी बघितलं होतं मी. कधी सांगतोस म्हणून वाट बघत होतो. भिंतीने खोटं बोलायचं नसतं, एवढं तरी शिकवलं होतं ना तुला?"

"चुकलो, मामा," बोटभर म्हणाला. सहा फुटी माणूस त्या क्षणी गिट्टीएवढा दिसत होता. "तुमच्यापुढे उभा राहिलो की अजून पहिल्याच दिवशी आल्यासारखं वाटतं."

थोरल्यांनी छिन्नीचं टोक हाताने पुसलं. मग एकदम म्हणाले, "मीही काही फार खरं बोललो नाही."

"म्हणजे?"

"पातळ आहे, फुटेल, मांजर जाईल. सगळी निमित्तं." त्यांनी मुलीकडे न बघता पायाशी पडलेला एक तुकडा काठीने दूर सारला. "नळाचं पाणी घरात साठलं, की हा चढ कोण चढणार? दोन बादल्यांच्या निमित्ताने रोज घरात माणूस दिसत होतं."

बायको दोन पावलं पुढे आली. रागावली होती की रडणार होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. शेवटी तिने रागावून घेतलं, कारण त्याची तिला सवय होती. "म्हणजे मी इतकी वर्षं पाणीवाली होते होय? अहो बाबा, बादल्यांमुळेच तर उशीर व्हायचा! दर वळणावर टेकत यायचे मी. हात मोकळे असले तर दुपारीच येऊन बसेन तुमच्या डोक्यावर!"

"येशील?"

"बघाच आता. मिरच्यासुद्धा तोडू देणार नाही सुखाने."

थोरल्यांनी नाक ओढलं आणि धूळ फार झाली म्हणून तक्रार केली. मग ते उठले आणि बोटभरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चल मिस्त्री, एक मूठ माल कालव. मी पाडलेलं भोक मीच बुजवणार."

बोटभरने माल कालवला, पण घमेल्यात त्याला नीट दिसेना. गिट्टीने घमेलं काढून घेतलं आणि म्हणाला, "तू राहू दे, पाणी जास्त होईल." थोरल्यांनी खळगा ओला केला, सिमेंटचं पातळ पाणी आत कुंचल्याने लावलं आणि घट्ट माल अंगठ्याने दाबून भरला. जावयाने शिकवायच्या आधीच त्यांना सगळं येत होतं. इतके दिवस ओट्यावर बसून त्यांनी दुसरं काय पाहिलं होतं? बाकीचा सगळा लगदा त्या दिवशी तिघांनी मिळून काढला, आणि टाकी पुन्हा बोटभर झाली.

भोक पक्कं झाल्यावर टाकी भरायला लागली. नळराजे आले तेव्हा आता भांडं शोधायचं काम नव्हतं. घावाभोवतीच्या रेषांवर दोन दिवस घाम यावा तशी ओल दिसली, मग तीही गेली. थोरल्यांचा अंगठा मात्र तिथे उमटून राहिला, आणि आल्यागेल्याला ते तो दाखवायचे, जसं काही सबंध टाकी त्यांनीच बांधली आहे.

टाकी भरली त्याच्या दुसऱ्या दिवशी बोटभरची बायको चढ चढली. सवयीने ती घरातून बादल्या घेऊन निघाली होती आणि दारातून परत जाऊन ठेवून आली होती. रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं; कधी पदराशी चाळा, कधी कठड्यावर. दर वळणावर ती थांबली, कारण पाय आपोआप थांबत होते, आणि मग खाली टेकवायला बादल्याच नाहीत हे आठवून हसत पुढे निघाली. मागून बोटभर येत होता. गुडघ्याचं काय होतंय ते बघायला आलो, असं त्याने सांगितलं होतं.

थोरले ओट्यावर उभे होते. ती दिसताच त्यांनी हात वर केला.

"तिथेच बस, पायरीवर," ते म्हणाले. "आत येऊ नकोस."

मग ते काठी भिंतीला टेकवून टाकीपाशी गेले, तोटी सोडली, पेला काठोकाठ भरला आणि न सांडता, एकेक पाऊल टाकत तिच्यासाठी पाणी घेऊन आले.